स्वप्नात भावाला बॉसचा चेहरा होता, आणि मला ते अजिबात विचित्र वाटलं नाही. असं का होतं?

अबोली

आज पहाटेचं स्वप्न आधी सांगते मग प्रश्न. ऑफिसात मीटिंग चाललीये, मी हातात फाईल घेऊन उभी आणि शेजारी माझा धाकटा भाऊ. म्हणजे तो भाऊच, त्यात शंकाच नाही, पण चेहरा मात्र आमच्या जुन्या बॉसचा, टक्कल चष्मा सगळं त्यांचंच. मी त्याच्याशी भावासारखीच बोलतेय, अरे तू कशाला आलास वगैरे. मग हातात बघते तर फाईलची वही झालेली, शाळेची, आणि नंतर तिचं पासबुक. खोलीचा वर्ग कधी झाला ते तर कळलंच नाही. मग घंटा झाली, सगळे पळाले, मी पण पळतेय पण पाय उचलतच नाहीयेत. जाग आली तेव्हा अलार्म वाजत होता.

प्लीज कोणी "याचा अर्थ असा की तुम्हाला बॉसची भीती वाटते" हे सांगू नका, तो प्रश्नच नाहीये. माझा प्रश्न एवढाच की हे असलं काहीतरी मेंदू बनवतो कसं, आणि मुख्य म्हणजे मी तिथे असताना मला एकदाही "अरे हे कसं काय" असं का नाही वाटलं? जागेपणी भावाच्या धडावर दुसऱ्याचं डोकं दिसलं तर मी किंचाळले असते.

तर्ककठोर

सोप्पंय हो. आरईएम झोपेत, म्हणजे बंद पापण्यांआड डोळे भराभर हलतात त्या झोपेत, मेंदूच्या तळाशी असलेल्या ब्रेनस्टेममधून रँडम सिग्नल वर जातात आणि वरचा मेंदू त्यांची कशीतरी गोष्ट बनवतो. हॉब्सन आणि मॅकार्ली या शास्त्रज्ञांचा सिद्धांत, १९७७. त्यात लॉजिक शोधण्यात अर्थच नाही. शिवाय ही सगळी स्वप्नं उठायच्या आधीच्या दोन-तीन सेकंदांत पडतात, आपल्याला लांबलचक वाटतात एवढंच. तुमचा अलार्म वाजला आणि त्यावरून मेंदूने मागे जाऊन शाळा, घंटा, मीटिंग सगळं रचलं. विषय संपला.

शुभंकर

पहाटेची स्वप्नं खरी होतात म्हणतात. माझ्या आत्याला स्वप्नात जे दिसलं तेच दोन दिवसांनी घडलं होतं. तुमच्या भावाला जपायला सांगा.

अबोली

@शुभंकर अहो मी भविष्य विचारलंच नाहीये 😀 भाऊ ठणठणीत आहे, आत्ताच फोन झाला, त्याला बॉसचं टक्कल मिळालं म्हणून तोच हसतोय.

रात्रपाळी

मी झोपेच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रात्रभर लोकांना झोपलेलं बघणं हेच काम, त्यामुळे या धाग्यावर गप्प बसवत नाहीये. पहाटेच्या स्वप्नात विशेष काही नाही शुभंकर, झोपेची चक्रं साधारण दीड-दीड तासांची असतात आणि आरईएमचा तुकडा प्रत्येक चक्रात लांबत जातो. रात्रीतला पहिला पाच-दहा मिनिटांचा, पहाटेचा अर्धा तास किंवा त्याहून जास्त. म्हणजे अलार्म वाजतो तेव्हा माणूस आरईएममध्येच सापडायची शक्यता खूप, आणि मधूनच उठवला तर स्वप्न हाताशी असतं. पहाटेची स्वप्नं लक्षात राहण्याचं कारण हे.

स्क्रीनवर ती वेळ आली की मला लगेच कळतं. आधी मेंदूच्या रेषा मोठ्या आणि संथ चाललेल्या असतात, त्या अचानक बारीक आणि भराभर होतात, जवळजवळ जाग्या माणसासारख्या. डोळ्यांच्या दोन रेषा एकमेकींच्या उलट दिशेला उड्या मारायला लागतात. आणि हनुवटीला जी वायर लावलेली असते तिची रेषा सपाट होते, एकदम सुतासारखी. नवीन माणूस बघत असला तर त्याला वाटतं पेशंट उठला, पण हनुवटी सपाट असते म्हणजे तो गाढ आहे, मान-हातपाय सैल पडलेत. या अवस्थेत उठवलं तर दहातले साधारण आठ जण काहीतरी स्वप्न सांगतात.

आता @तर्ककठोर, तुमचं अर्धं बरोबर आहे. सेकंदांचं चुकलं. डिमेंट आणि क्लाइटमन या झोपेच्या संशोधकांनी १९५७ सालीच बघितलं होतं. झोपलेल्या माणसाला आरईएम सुरू होऊन पाच मिनिटांनी किंवा पंधरा मिनिटांनी उठवायचं आणि विचारायचं, स्वप्न किती वेळ चाललं होतं, पाच की पंधरा? बहुतेक वेळा लोकांनी बरोबर सांगितलं. स्वप्नातला वेळ ढोबळमानाने खऱ्या वेळाएवढाच जातो. अलार्म मात्र शेवटी आत घुसला हे नक्कीच शक्य आहे. डिमेंटनेच नंतर आरईएममधल्या लोकांच्या अंगावर पाणी शिंपडून पाहिलं तर साधारण ४२ टक्के वेळा पाणी कुठल्यातरी रूपात स्वप्नात आलं, म्हणजे पाऊस, गळकं छत असं काहीतरी. आवाज त्यामानाने कमी वेळा घुसतो. तुमची घंटा आत गेली, मीटिंग आधीपासून चालू असणार.

तर्ककठोर

बरं वेळेचं सोडा. पण रँडमचं काय? ब्रेनस्टेमचं तरी खरं ना?

चकवा

ते पण अर्धंच खरं. आरईएम झोप पॉन्समधून चालते हे खरं, पॉन्स म्हणजे ब्रेनस्टेमचा मधला भाग. पण आरईएम म्हणजे स्वप्न असं समीकरण नाहीये. मार्क सोम्स या न्यूरोसायकॉलॉजिस्टने नव्वदीच्या दशकात मेंदूला इजा झालेल्या पेशंटना सरळ विचारलं की तुम्हाला स्वप्नं पडतात का. ज्यांची स्वप्नं थांबली होती त्यांच्यात इजा बऱ्याचदा पॉन्सला नव्हती, ती मेंदूच्या मागच्या-वरच्या बाजूला जिथे तीन खंड एकत्र येतात तिथे होती, किंवा कपाळाच्या आत खोलवर, जिथून प्रेरणेचं, हवं-नकोचं काम चालतं. उलट बाजूने बघायचं तर नॉन-आरईएम झोपेतून उठवलं तरी बऱ्याच वेळा लोक स्वप्न सांगतात, फक्त ते सहसा छोटं आणि विचारासारखं असतं. २०१७ साली सिक्लारी आणि मंडळींनी तर दाखवलं की आरईएम असो वा नसो, स्वप्न पडत असताना मेंदूच्या मागच्या भागातल्या संथ लहरी कमी झालेल्या असतात.

म्हणजे "खालून रँडम आवाज आला, वरच्याने गोष्ट केली" हे १९७७ साली फार मोठं पाऊल होतं पण आता ते जसंच्या तसं कोणी धरत नाही. हॉब्सनने स्वतःसुद्धा नंतर सिद्धांत बराच बदलला.

रात्रपाळी

@चकवा बरोबर. आता अबोलीताईंच्या मूळ प्रश्नाकडे येऊ, की विचित्र का नाही वाटलं.

१९९६ मध्ये बेल्जियममधल्या माके आणि सहकाऱ्यांनी झोपलेल्या माणसांच्या मेंदूतला रक्तप्रवाह पेट स्कॅनने मोजला. आरईएममध्ये भावनांशी निगडित भाग, अमिग्डाला वगैरे, जोरात चालू होते, पण कपाळाच्या बाजूचा वरचा भाग बराच शांत होता. त्याला डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल म्हणतात, आपण त्याला सोयीसाठी बाजूचा फ्रंटल म्हणू. जागेपणी हाच भाग "थांब, हे आधीच्या गोष्टीशी जुळतंय का" हे बघतो, दोन गोष्टी एकदम मनात धरून ताडून बघणं हे त्याचं काम. म्हणजे दृश्य तयार करणारे चालू, घाबरवणारे चालू, रखवालदार मात्र डुलकी घेतोय असं समजा.

दुसरी गोष्ट केमिकलची. आरईएममध्ये अ‍ॅसिटिलकोलीन भरपूर असतं पण नॉरअ‍ॅड्रेनलीन आणि सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशी जवळजवळ गप्प होतात. जागेपणी असं कधीच होत नाही. नॉरअ‍ॅड्रेनलीनचं एक काम म्हणजे अनपेक्षित काही दिसलं की "लक्ष दे" असा धक्का देणं. तेच नसेल तर बॉसचं टक्कल भावाच्या डोक्यावर असलं तरी धक्का कुठून बसणार? तुम्ही पळत होता, घाबरला होता, म्हणजे भावना पुरेपूर होती. फक्त आश्चर्य नव्हतं.

अबोली

हे मस्त आहे, भीती आहे पण आश्चर्य नाही, एकदम तसंच होतं! पण एक मिनिट, हे मला *का खटकलं नाही* त्याचं उत्तर झालं. भावाला बॉसचा चेहरा *लागला कसा* याचं नाही ना झालं? म्हणजे मेंदूला भाऊ काढायचा होता तर भावाचाच चेहरा काढायचा, तो तर मी रोज बघते.

चकवा

हा खरा भारी प्रश्न. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, जागेपणी आपल्याला वाटतं की चेहरा बघितला आणि माणूस ओळखला ही एकच क्रिया आहे. मेंदूत ती एक नाहीये. चेहऱ्याचा आकार, नाक-डोळे हे एक भाग बघतो, डोक्याच्या खालच्या बाजूला, त्याला फ्युजिफॉर्म म्हणतात. आणि "हा तो आहे, माझा आहे" ही जाणीव, ती ओळख आणि तिच्यासोबतची माया, हे वेगळ्या जाळ्यातून येतं. जागेपणी डोळ्यातून सतत माहिती येत असते म्हणून दोन्ही एकमेकांना बांधलेले राहतात.

हे दोन तुटू शकतात याचा पुरावा आजारांमध्ये दिसतो. कॅपग्रास नावाच्या आजारात पेशंट म्हणतो की ही बाई हुबेहूब माझ्या बायकोसारखी दिसते पण ही ती नाही, कोणीतरी बहुरूपी आहे. चेहरा बरोबर, ओळखीची जाणीव गायब. आणि फ्रेगोली नावाचा याच्या बरोबर उलटा आजार आहे, तिथे अनोळखी चेहऱ्याचा माणूस बघून पेशंटला ठाम वाटतं की हा माझ्या ओळखीचा अमुकच आहे, वेष बदलून आलाय.

आता तुमचं स्वप्न बघा. भावाची जाणीव पक्की, चेहरा दुसऱ्याचा. हे फ्रेगोली झालं ना? सोफी श्वार्ट्झ आणि माके यांनी २००२ मध्ये हेच मांडलं, की स्वप्नातले असे ठराविक विचित्र प्रकार न्यूरॉलॉजीच्या पेशंटमध्ये दिसणाऱ्या प्रकारांशी जुळतात, त्यामुळे कुठला भाग चालू आणि कुठला बंद याचा अंदाज त्यावरून करता येईल.

तर्ककठोर

म्हणजे आपण सगळे रोज रात्री दोन तास पागल होतो?

चकवा

साधारण दीड ते दोन तास, हो. सकाळी बरे होतो ही मेहेरबानी. पण गंमत सोडा, आजारात इजा झालेली असते आणि स्वप्नात ती जोडणी तात्पुरती सैल असते, कारण बाहेरून येणारा चेहराच नाहीये ज्याच्याशी ताडून बघायचं. त्यामुळे साम्य आहे, तेच आहे असं मी म्हणणार नाही.

मीनाक्षी

मी वेगळंच विचारते, राग मानू नका. मला जाग येते पण हलताच येत नाही, छातीवर कोणी बसलंय असं वाटतं आणि खोलीत कोणीतरी आहे हे शंभर टक्के जाणवतं. मी डोळे उघडून छत बघत असते, म्हणजे स्वप्न नाहीये. हे अबोलीच्या पाय न उचलण्यासारखंच आहे का? कॉलेजपासून होतंय, परीक्षेच्या काळात जास्त.

रात्रपाळी

मीनाक्षीताई, याला स्लीप पॅरॅलिसिस म्हणतात, बऱ्याच लोकांना आयुष्यात कधी ना कधी होतं, झोप अपुरी असली की जास्त. आरईएममध्ये पॉन्समधून खाली पाठीच्या कण्याकडे एक आदेश जातो आणि तिथल्या स्नायू हलवणाऱ्या पेशी दाबून टाकल्या जातात. डोळे आणि श्वासाचा पडदा यातून वगळलेले असतात, म्हणून डोळे फिरतात आणि श्वास चालतो. तुमच्या बाबतीत जाग आधी येते आणि तो आदेश मागे घ्यायला उशीर होतो. म्हणजे खोली खरी दिसते, अंग मात्र आरईएममध्ये, आणि स्वप्न बनवणारी यंत्रणाही अजून पूर्ण बंद नाही, त्यातून तो "कोणीतरी". छाती जड वाटते कारण छातीचे बाकीचे स्नायू सैल असतात आणि तुम्ही मुद्दाम खोल श्वास घ्यायला जाता तो घेता येत नाही. पाठीवर झोपल्यावर जास्त होतं, कूस बदलून बघा. दिवसा पण अनावर झोप येत असेल, किंवा हसताना गुडघे ढिले पडत असतील तर मात्र डॉक्टरला दाखवा, ते वेगळं असू शकतं.

मीनाक्षी

दिवसा तसलं काही नाही. इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं, थँक्यू.

तर्ककठोर

मग अबोलीचे पाय त्याचमुळे उचलत नव्हते. अंग लॉक असतं, मेंदू पळायचा आदेश देतो, पाय हलल्याची बातमी परत येत नाही. सुटलं गणित.

चकवा

असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, मला पटत नाही. अंग तर प्रत्येक आरईएममध्ये लॉक असतं. मग बाकीच्या स्वप्नांत आपण धडाधड पळतो, पोहतो, उडतोसुद्धा, ते कसं? त्यात पण पाय हलल्याची बातमी येत नाहीच ना. म्हणजे नुसत्या लॉकने भागत नाही, अजून काहीतरी असणार.

रात्रपाळी

+१. माझ्याकडे पण याचं चांगलं उत्तर नाही.

अबोलीताई, तुमच्या फाईल-वही-पासबुककडे कोणाचं लक्ष गेलं नाही, मला तोच सगळ्यात आवडलेला भाग. १९९४ मध्ये रिटनहाऊस, स्टिकगोल्ड आणि हॉब्सन यांनी स्वप्नांच्या नोंदींमधली अशीच रूपांतरं गोळा केली, एका वस्तूची दुसरी कशी होते ती. जर सगळं रँडम असतं तर फाईलची मांजर व्हायला पाहिजे, बॉसचं कपाट व्हायला पाहिजे. पण तसं होत नाही, वस्तूची वस्तू होते आणि माणसाचा माणूस होतो, आणि नवी वस्तू जुनीच्या नात्यातली असते. तुमचंच बघा ना, फाईल, वही, पासबुक, तिन्ही चपट्या, कागदाच्या, उघडायच्या, कोणीतरी तपासून शिक्का किंवा सही मारतं अशा. बॉस आणि भाऊ पण दोघं माणसं, आणि मीटिंगच्या खोलीचा वर्ग झाला तर दोन्हीकडे रांगेत खुर्च्या आणि समोर कोणीतरी बोलतंय. म्हणजे नियम आहेत, ते जागेपणीच्या नियमांपेक्षा ढिले आहेत इतकंच.

अबोली

हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. पासबुकचं खरंच काय संबंध म्हणून मी सकाळपासून डोकं खाजवत होते. पण ढिले म्हणजे किती ढिले? ते कोणी मोजलंय का?

रात्रपाळी

मोजलंय, स्टिकगोल्डनेच १९९९ मध्ये, आणि ते मला फार आवडतं. जागेपणी "गरम" शब्द दाखवला आणि लगेच "थंड" आला की आपण तो झटकन ओळखतो, कारण त्यांचं नातं घट्ट. "चोर" नंतर "चूक" आला तर फायदा कमी होतो, कारण नातं आहे पण लांबचं. यांनी लोकांना आरईएममधून उठवून, झोपेचा अंमल उतरायच्या आत हीच टेस्ट केली. निकाल उलटा. लांबच्या नात्याच्या जोडीचा फायदा घट्ट जोडीपेक्षा जास्त झाला. म्हणजे उठल्यावरच्या काही मिनिटांत अजूनही मेंदू जवळचं सोडून लांबचं पकडत असतो. झोपेत तर काय करत असेल. हे का होतं त्याचा एक अंदाज असा की नॉरअ‍ॅड्रेनलीन नसल्यामुळे ठरलेल्या वाटेला मिळणारं झुकतं माप राहत नाही.

आणि आठवणींचं पण तसंच. रोजच्या घटना जशाच्या तशा स्वप्नात येतात असं आपल्याला वाटतं, पण फॉसे आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये लोकांच्याच नोंदी तपासल्या तर पूर्ण प्रसंग जागेपणी घडला तसा आलेला दीड टक्क्याच्या आसपास निघाला. तुकडे मात्र अर्ध्याहून जास्त स्वप्नांत होते. म्हणजे कच्चा माल तुमचाच, जोडणी नवीन. घटना जिथे सलग बांधली जाते त्या हिपोकॅम्पसकडून त्या वेळी वरच्या मेंदूकडे सलग आठवण पोचत नसावी, तिथे अजून वाद आहे.

आजोबा७०

मी वाचतोय सगळं, डोळ्यांना त्रास होतो तरी. माझं वेगळं आहे. सगळे म्हणतात स्वप्नात अंग लॉक असतं. माझं नसतं. मला मारामारीची स्वप्नं पडतात, कोणीतरी मागे लागलंय, आणि मी खरंच हात चालवतो. दोन वर्षांपूर्वी एकदा पलंगावरून पडलो, कोपर फुटलं. बायको आता दुसऱ्या खोलीत झोपते. ती म्हणते तुम्ही ओरडता पण. सकाळी मला स्वप्न स्पष्ट आठवतं. तरुणपणी असं कधी नव्हतं. वयामुळे होतं असं इथल्या डॉक्टरांनी सांगितलं आणि झोपेची गोळी दिली.

रात्रपाळी

आजोबा, हे थोडं नीट सांगतो. मगाशी म्हटलं ना की हनुवटीची रेषा सपाट होते. ती ज्यांच्यात सपाट होत नाही, आरईएममध्ये पण उड्या मारत राहते, त्यांचं अंग स्वप्नाबरोबर चालतं. फ्रान्समध्ये मिशेल जुव्हे यांनी हे मांजरांमध्ये बघितलं होतं. पॉन्समधला छोटा भाग काढला तर मांजर झोपेतच उठायची, दबा धरायची, नसलेल्या शत्रूवर तुटून पडायची, डोळ्यासमोर काही धरलं तरी तिला दिसत नसायचं. माणसात याचं वर्णन १९८६ मध्ये शेंक आणि महोवाल्ड यांनी केलं, आरईएम बिहेवियर डिसऑर्डर म्हणतात. पन्नाशीनंतर, पुरुषांत जास्त सापडतो.

नुसतं वयामुळे म्हणून सोडू नका. काही लोकांत हे डिप्रेशनच्या काही गोळ्यांमुळे होतं, म्हणून कुठल्या गोळ्या चालू आहेत ती यादी घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे किंवा स्लीपच्या डॉक्टरकडे जा. बऱ्याच जणांत पुढे कित्येक वर्षांनी पार्किन्सनसारखा आजार दिसू शकतो, म्हणून लक्ष ठेवायचं असतं, प्रत्येकालाच होतो असं नाही. आणि झोपेत श्वास अडकणाऱ्यांना पण असे झटके येतात, ते वेगळं काढायला रात्रीची टेस्ट लागते. तोपर्यंत पलंगाच्या बाजूचं टेबल, काच काढून ठेवा, खाली गादी टाका. काकूंचं वेगळं झोपणं बरोबर आहे.

झोपेत चालणाऱ्यांपेक्षा हे वेगळं ओळखायची एक साधी खूण आहे. झोपेत चालणारा बहुतेक वेळा रात्रीच्या पहिल्या भागात उठतो, उठवलं तर गोंधळलेला असतो, काही आठवत नाही. तुमचं बहुधा पहाटेकडे होत असेल, उठवलं की लगेच शुद्धीवर येता आणि स्वप्न सांगता. बरोबर ना?

आजोबा७०

अगदी बरोबर. चार-साडेचारला.

चकवा

आजोबा नक्की दाखवा.

मूळ विषयाला एक गोष्ट जोडतो आणि ती रात्रपाळींच्या विरोधात आहे. आपण सगळे धरून चाललोय की स्वप्नं विचित्र असतात. पण लॅबमध्ये लोकांना रात्रीत अनेकदा उठवून स्वप्नं गोळा केली की बहुतांश अगदीच सपक निघतात. फ्रेडरिक स्नायडरने १९७० च्या सुमारास हेच दाखवलं होतं, कोणीतरी कोणाशीतरी बोलतंय, कुठेतरी जातंय, संपलं. घरी आपल्याला जी आठवतात ती भारी असतात म्हणूनच आठवतात, आणि आपण सांगतो पण तीच. अबोलीने पण धागा "भावाशी बोलत होते" म्हणून नाही काढला.

आणि दुसरं, बाजूचा फ्रंटल डुलकी घेतोय म्हणून विचित्र वाटत नाही, हे फार सोपं झालं. दिवास्वप्न बघताना जागेपणी पण आपण कुठून कुठे जातो आणि खटकत नाहीच. शिवाय कधी कधी स्वप्नातच कळतं की हे स्वप्न आहे. लुसिड म्हणतात त्याला. कीथ हर्न यांनी इंग्लंडमध्ये १९७५ साली एका माणसाला आधीच सांगून ठेवलं की स्वप्नात कळलं की डोळे डावीकडे-उजवीकडे ठरल्याप्रमाणे फिरव, आणि आरईएम चालू असताना रेषेवर ती खूण उमटली. २०२१ मध्ये तर चार लॅबनी अशा झोपलेल्यांना आठातून सहा गेले तर किती असली गणितं विचारली आणि काहींनी डोळ्यांनी उत्तर दिलं. तो माणूस आरईएममध्येच आहे, केमिकल साधारण तेच, आणि तरी तर्क चालतोय.

रात्रपाळी

विरोधात नाही, मान्यच आहे. रखवालदार डुलकी घेतो म्हणजे मरत नाही, कोणाचा तरी अधूनमधून जागा होतो. पण लुसिडवाल्यांना सुद्धा सराव करावा लागतो आणि बऱ्याच प्रयत्नांत उत्तर येतच नाही, त्यावरून साधा नियम काय ते दिसतं. सपक स्वप्नांचं मात्र खरंय, मी रात्री तीनला लोकांना उठवतो आणि ते सांगतात "दुकानात रांगेत उभा होतो". नंतर सकाळी विचारलं तर ते पण आठवत नसतं.

तर्ककठोर

मग शेवटी विचित्रपणा कशासाठी? काही उपयोग की नुसता कचरा? मी वाचलंय की मेंदू फार ठराविक शिकू नये म्हणून मुद्दाम विचित्र मिसळ करतो.

चकवा

एरिक होएलची कल्पना, २०२१ ची. छान आहे, पण अजून कल्पनाच आहे, ती खोटी कशी ठरवायची हेच अवघड. मला वैयक्तिक वाटतं की विचित्रपणा हा उद्देश नसावा, तपासणी सैल आणि लांबची नाती घट्ट या दोन गोष्टी एकत्र आल्या की तो आपोआप पडणारच. पण पैज नाही लावणार.

अबोली

चकवाचं ते सपक स्वप्नांचं वाचून मी उठल्या उठल्या हलायच्या आधी स्वप्न लिहायला लागलेय, बोअरिंग असलं तरी. परवाचं, मी खुर्च्या लावतेय. कालचं, कोणाशीतरी बोलतेय, कोण ते आठवत नाही. आजचं, ऑफिसमधला प्रिंटर चालू होत नाही आणि मी तो चालू करायला भावाला बोलवते. या वेळी भावाला भावाचाच चेहरा होता, पण प्रिंटर कधी शिलाई मशीन झाला ते लक्षात आलं नाही, लिहिताना कळलं.

रात्रपाळी

दोन्हीत काहीतरी आत घालायचं आणि दुसऱ्या बाजूने कामाचं बाहेर काढायचं 🙂

आजोबा७०

टेस्टची तारीख मिळाली. त्या बाई म्हणाल्या हनुवटीला वायर लावणार. मला दाढी आहे, कित्येक वर्षं. काढावी लागेल का?

रात्रपाळी

पूर्ण नको काढू आजोबा. हनुवटीवर आणि तिच्या जरा खाली वायरीपुरती जागा मोकळी ठेवा, आणि त्या दिवशी तेल-क्रीम काही लावू नका. केसांवर ती नीट चिकटत नाही, तुम्ही हात चालवता तेव्हाच सुटते आणि आम्हाला जे बघायचं असतं नेमकं तेच दिसत नाही. आणि काकूंनी फोनवर तुमचं रात्रीचं शूटिंग केलं असेल तर ते डॉक्टरांना दाखवायला घेऊन जा.